हंसांचा कलकलाट, हंसांची जोडी आणि न्यूयॉर्कने केलेली चूक

कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशांत हंसांचं एक प्रवचन वर्षानुवर्षं फिरतं आहे. हंस इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उडतात म्हणून एकट्यापेक्षा ७१ टक्के जास्त पल्ला गाठतात, मागचे हंस ओरडून पुढच्याला धीर देतात, आणि जोडीदाराची साथ जन्मभर सोडत नाहीत, तेव्हा तुम्हीही तसंच वागा. यातला ७१ हा आकडा १९७० सालच्या एका गणितातून आलेला आहे. लिसामन आणि शोलनबर्गर या दोघांनी पंचवीस पक्ष्यांची रांग कागदावर मांडली, पंख विमानाच्या पंखासारखे स्थिर धरले आणि जास्तीत जास्त किती फायदा होऊ शकेल ते काढलं. पुढे १९९४ मध्ये खऱ्या उडत्या गुलाबी पायांच्या हंसांची छायाचित्रं मोजून हिशोब केला गेला, तेव्हा उडण्याच्या एकूण शक्तीत सरासरी बचत निघाली जेमतेम अडीच टक्के. हंस रांगेत हवी तितकी अचूक जागा धरून राहत नाहीत, सारखे मागेपुढे होतात. वक्त्यांना याने फरक पडत नाही, आणि पडावा अशी माझी अपेक्षाही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हंस ओरडतो का आणि एकाच जोडीदाराबरोबर राहतो का, हे प्रश्न आपण सुविचारांसाठी राखून ठेवले. मग जेव्हा हंसांचं काय करायचं हे सरकारला ठरवावं लागलं, तेव्हा ही माहिती कुणाच्या उपयोगी पडली नाही. मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या मराठी मंडळींना कॅनडा गूज या हंसाची ओळख करून द्यायला नको: काळी मान, गालावर पांढरा पट्टा, आणि तळ्याकाठच्या पायवाटेवर पाऊल ठेवू देणार नाही इतकी घाण. दर उन्हाळ्यात नगरपालिकेच्या सभेत कुणीतरी उठतं आणि ‘ही पाखरं उचला’ अशी मागणी करतं. उचलायची म्हणजे मारायची, हे सगळ्यांना माहीत असतं. या मागणीला मी विरोध करतो, आणि त्यामागे भूतदयेपेक्षा जास्त काहीतरी आहे.

आधी ओरडण्याबद्दल. कॅनडा गूजचा थवा डोक्यावरून जातो तेव्हा तो एकसंध गोंगाट वाटतो, पण कान देऊन ऐकलं तर त्यात दोन सूर वेगळे काढता येतात. नराचा आवाज खालच्या पट्टीतला आणि सावकाश, मादीचा वरच्या पट्टीतला आणि आखूड. जोडी हे आवाज आळीपाळीने इतक्या झटपट काढते की अनेकदा एकच पक्षी ओरडतोय असं वाटतं. थवा म्हणजे शंभर सुटे पक्षी नसतात. त्यात जोड्या असतात, आणि त्या जोड्यांबरोबर गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली त्यांची पिल्लं असतात. हंसाची पिल्लं पहिला हिवाळा आईबापांच्या सोबतच काढतात. साहजिकच रात्री, धुक्यात, हजार पक्ष्यांच्या गर्दीत उतरताना किंवा उठताना प्रत्येक कुटुंबाला एकच काळजी असते, ती म्हणजे आपली माणसं कुठे आहेत. ओरडणं हे मुख्यतः या प्रश्नाचं उत्तर आहे. ही सवय अंड्यातूनच सुरू होते. फुटण्याच्या बेतात आलेल्या अंड्यातलं पिल्लू आतून चिवचिवतं आणि आई त्याला बाहेरून प्रतिसाद देते.

पुढे उडणाऱ्याला मागच्यांनी धीर देण्याची कथा इथेच ढासळते. डेनिस रॅव्हलिंग या संशोधकाने १९६०च्या दशकात दक्षिण इलिनॉयमध्ये हिवाळी मुक्कामाला आलेल्या कॅनडा गीजना खुणा आणि रेडिओ लावून त्यांचा पाठपुरावा केला. उडण्याआधी पक्षी मान झटकतात आणि ओरडतात, हे त्याने नोंदवलं. कुटुंबातल्या नराने ही खूण केली की घरचे सगळे लवकर उठत. पिल्लांनी केली तर वेळ लागे. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. चरण्याच्या जागेवरून भांडण झालं तर मोठं कुटुंब लहान कुटुंबाला हटवतं, लहान कुटुंब बिनपिल्लांच्या जोडीला हटवतं, आणि एकट्या पक्ष्याला कुणीही हाकलतं. म्हणजे हंसाचं थव्यातलं वजन त्याच्यासोबत किती जण आहेत यावर ठरतं. कुटुंबापासून तुटलेलं पिल्लू त्याच क्षणी सगळ्यात खालच्या पायरीवर जातं आणि चांगल्या गवतापासून दूर लोटलं जातं. एवढं पणाला लागलेलं असताना ते सतत ओरडलं नाही तरच नवल.

जोडीचंही तसंच. उत्तरेकडे उन्हाळा तोकडा असतो. मादीला वेळेवर अंडी घालायची तर त्याआधी भरपूर चरून अंगात चरबी साठवावी लागते, कारण अंडी उबवण्याच्या साधारण चार आठवड्यांत ती जेमतेम खाते आणि तिचं वजन चांगलंच उतरतं. ती मान खाली घालून चरत असताना नर मान वर करून पहारा देतो आणि दुसऱ्यांना जवळ फिरकू देत नाही. हे काम नव्या नरापेक्षा सरावलेला नर चांगलं करतो, आणि ओळख पटवण्यात वसंत ऋतूचे दिवस वाया जात नाहीत. स्वालबार्ड बेटांवर घरटी करून हिवाळ्यात स्कॉटलंडच्या सॉल्वे खाडीवर येणाऱ्या बार्नॅकल हंसांचा अभ्यास अनेक दशकं पायात कडी घालून झाला आहे. तिथे दोघंही जिवंत असताना जोडी फुटण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात दोनच्या आसपास निघालं. जोडीदार मेला तर मात्र उरलेला पक्षी दुसरा शोधतो. जन्मभर झुरत बसण्याची गोष्ट आपण रचलेली आहे. अर्थात नवी जोडी जमेपर्यंत विणीचा एखादा हंगाम हातचा जाऊ शकतो, आणि हंसाच्या हिशोबात ते नुकसान मोठं आहे. जोडी टिकते ती या हिशोबाने. त्यात कुणाला प्रेम दिसत असेल तर मी वाद घालणार नाही. फक्त लग्नातल्या भाषणात दाखला देताना वर्षाच्या त्या दोन टक्क्यांचाही उल्लेख करावा.

आता हे सगळं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तळ्यांवर कसं येऊन पोचलं ते पाहू, कारण त्या कथेत हेच दोन गुण कळीचे आहेत. एके काळी इथले शिकारी पाळीव हंस तळ्याकाठी बांधून ठेवत. जोडीतला नर एका बाजूला, मादी किंवा पिल्लं दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांना हाका मारत राहत आणि वरून जाणारा रानटी थवा त्या हाकांना भुलून बंदुकीच्या टप्प्यात उतरे. १९३५ मध्ये केंद्र सरकारने जिवंत आमिष वापरायला बंदी घातली. मग या पाळीव हंसांचं काय करायचं? बरेच सोडून दिले गेले. त्यांच्या आईबापांनी त्यांना कधी उत्तरेचा रस्ता दाखवला नव्हता, आणि हंसाला स्थलांतराची वाट कुटुंबाबरोबर उडूनच कळते. ते जिथे सुटले तिथेच राहिले. पुढे नामशेष झाला असं मानलेला मोठ्या चणीचा कॅनडा गूज १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टरला हॅरॉल्ड हॅन्सन यांना सापडला. त्यानंतर वेगवेगळ्या राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी असे हंस हौसेने वाढवून ठिकठिकाणी सोडले. तोवर उपनगरं, गोल्फची मैदानं आणि कार्यालयांभोवतीची तळी उभी राहत होती. आखूड कापलेलं गवत, शेजारी पाणी, शिकारी प्राणी नाहीत, बंदूक चालवायला मनाई. पूर्व किनाऱ्यावरच्या या मुक्कामी हंसांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. उत्तरेकडून येणारे खरे स्थलांतरी हंस हिवाळ्यात यांच्यातच मिसळतात आणि नुसत्या डोळ्यांना दोघांत फरक दिसत नाही. पुढचा सगळा घोळ याच साम्यातून झाला.

१५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेलं यूएस एअरवेजचं १५४९ क्रमांकाचं विमान सुमारे २,८०० फुटांवर हंसांच्या थव्यात शिरलं. दोन्ही इंजिनं निकामी झाली. कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं आणि आतली १५५ माणसं वाचली. त्या जातीचं इंजिन सुमारे १.८ किलो वजनाच्या एका मोठ्या पक्ष्याच्या हिशोबाने तपासलेलं होतं, आणि कॅनडा गूज सहज त्याच्या दुप्पट भरतो. लोक हादरले ते योग्यच होतं. शहराने लगेच मुक्कामी हंसांवर मोहीम काढली. पहिल्याच उन्हाळ्यात बाराशेच्या वर हंस मारले गेले. जुलै २०१० मध्ये ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये पहाटे केंद्रीय कृषी खात्याची माणसं आली आणि जवळपास चारशे हंस पिंजऱ्यांत भरून घेऊन गेली. ते कार्बन डायऑक्साइडने मारून कचराभूमीत पुरले गेले. राज्यातल्या मुक्कामी हंसांची संख्या अडीच लाखांवरून ८५ हजारांवर आणायचा आराखडा असल्याचं त्याच महिन्यात बाहेर आलं.

इतके हंस इतक्या सहज कसे पकडले, असा प्रश्न पडेल. जून संपताना हंसांचे उडण्याचे पंख एकदम झडतात आणि नवे येईपर्यंत साधारण महिनाभर त्यांना उडता येत नाही. होड्यांनी त्यांना हळूहळू काठाकडे ढकलायचं आणि जाळीच्या कुंपणात शिरू द्यायचं. कुटुंबं एकमेकांना हाका मारत, न फुटता, एकत्रच आत शिरतात.

इथे माझ्या बाजूच्या लोकांशी माझा मतभेद आहे. त्या वेळी निदर्शनं करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘जन्माच्या जोड्या तोडल्या’ हा सूर होता. या मोहिमेत जोड्या तुटल्याच नाहीत. नर, मादी, पिल्लं सगळीच एकाच दिवशी संपली. जोडी तुटते ती बंदुकीने, थव्यातून एखादा टिपल्यावर. म्हणून भावनेचा मुद्दा इथे लागू होत नाही आणि तो रेटला की समोरचा अधिकारी हसून सुटतो. खरा मुद्दा असा की मारलेले हंस बहुधा चुकीचे होते. स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी इंजिनांतून निघालेल्या पिसांमधल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या-जड प्रकारांचं, प्रमाण तपासलं. पक्ष्याचं पीस जिथे उगवलं तिथल्या पाण्याची ओळख त्या पिसात राहते. ही पिसं न्यूयॉर्कच्या मुक्कामी हंसांशी जुळली नाहीत, लॅब्राडोरच्या बाजूच्या हंसांशी जुळली. हा निष्कर्ष २००९च्या जूनमध्ये, म्हणजे प्रॉस्पेक्ट पार्कच्या वर्षभर आधी, प्रसिद्ध झाला होता. जानेवारीत दक्षिणेकडे किंवा पाणी गोठल्यामुळे इकडेतिकडे सरकणाऱ्या स्थलांतरी थव्याचा गुन्हा आणि जुलैत ब्रुकलिनच्या तळ्यात पंख झडून बसलेल्यांना शिक्षा, असा तो न्याय होता.

समोरच्या बाजूचा युक्तिवाद मात्र हलका नाही. मुक्कामी हंस विमानांवर आदळत नाहीत असं कुणीच म्हणू शकत नाही. सप्टेंबर १९९५ मध्ये अलास्कातल्या एल्मेंडॉर्फ हवाई तळावर अमेरिकी वायुसेनेचं टेहळणी विमान उड्डाणातच कॅनडा गीजच्या थव्याला धडकून कोसळलं आणि त्यातली चोवीसच्या चोवीस माणसं मेली. धावपट्टीच्या कुंपणाआत किंवा लगतच्या पाणथळीत थवा बसत असेल तर तिथे मारण्यासकट सगळे उपाय मला मान्य आहेत. पण ‘विमानतळापासून ११ किलोमीटरच्या आत’ असं वर्तुळ आखून शहरातली उद्यानं रिकामी करणं वेगळं. १५४९ला धडक झाली ती विमानतळापासून सात-आठ किलोमीटरवर, आकाशात, प्रवासातल्या थव्याशी. तिथे पक्षी दाखवणारं रडार आणि उड्डाणांची वेळ हे उपाय कामाचे. आणि रिकामं झालेलं हिरवळ-पाण्याचं ठिकाण दुसऱ्या जोडीला मोकळं मिळतं. ज्या कारणांमुळे पहिले हंस आले ती सगळी तिथेच असतात.

मग उद्यानांचं काय करायचं? इथे हंसाची जोडनिष्ठाच आपल्या कामी येते, आणि या उपायाबद्दल मी जरा सविस्तर बोलणार आहे. मादी एका वेळी साधारण पाच-सहा अंडी घालते. ती उचलून नेली तर जोडी काही दिवसांत दुसरं घरटं करून पुन्हा अंडी घालू शकते. म्हणून अंडी नेत नाहीत. त्यांना मक्याचं तेल लावून परत घरट्यात ठेवतात. तेलाने कवचाची छिद्रं बुजतात आणि आतल्या गर्भाला हवा मिळत नाही. जोडीला काहीही कळत नाही. मादी बसून राहते, नर राखण करत राहतो, आणि अंडी फुटत नाहीत हे ध्यानात येऊन ती घरटं सोडेपर्यंत पुन्हा अंडी घालायची वेळ टळून गेलेली असते.

काम दोघांनी करायचं असतं. एक जण उघडलेली छत्री पुढे धरून नराला थोपवतो, कारण चिडलेल्या नराच्या पंखाचा फटका चांगलाच बसतो. दुसरा अंडी एकेक करून पाण्याच्या बादलीत सोडतो. बुडालं तर अंडं ताजं आहे, तेल लावायचं. तरंगायला लागलं तर उबवण्याचे सुमारे दोन आठवडे उलटलेले असतात आणि आतलं पिल्लू बरंच वाढलेलं असतं. ते अंडं पुसून जसंच्या तसं परत ठेवायचं. ही रेघ प्राणिहक्कवाल्या संघटनांनीच आखून दिली आहे आणि मला ती पटते. तेल लावलेल्या अंड्यावर खूण करतात, म्हणजे पुढच्या फेरीत नवं अंडं ओळखता येतं. या सगळ्यासाठी केंद्राच्या वन्यजीव खात्याकडे आधी नोंदणी करावी लागते. ती न करता अंड्याला हात लावणं गुन्हा आहे.

याचा दुसरा फायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. पिल्लं असलेली जोडी उन्हाळाभर त्याच तळ्याला खिळते, कारण पिल्लांना उडता येत नाही. पिल्लं नसलेल्या जोड्या पंख झडण्याआधी अनेकदा उत्तरेला, थेट कॅनडातल्या मोकळ्या पाणथळींकडे निघून जातात आणि तिथे पंख बदलतात. म्हणजे ज्या जून-जुलैत लोक नगरपालिकेत तक्रारी घेऊन येतात, त्याच महिन्यांत ते हंस इथे नसतात. उरलेल्यांसाठी कुत्रा उत्तम. बॉर्डर कॉली चावत नाही, पण त्याची दबक्या पावलांची चाल हंसाला कोल्ह्यासारखी वाटते. नुसत्या ध्वनिमुद्रित धोक्याच्या हाका लावून ठेवल्या तर हंस थोड्याच दिवसांत त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. हाकेमागे कुणीतरी हजर लागतं. काठावरचं गवत गुडघाभर वाढू दिलं तर पिल्लांना पाण्याकडे पळायची वाट दिसत नाही आणि जोडी ती जागा टाळते. आमच्याकडे मात्र हिरवळ मखमलीसारखी कापलेलीच हवी असते, आणि त्यावर हंस आला की राग येतो.

या उपायाची मर्यादाही सांगायला हवी. मोठा झालेला हंस दहा-वीस वर्षं सहज जगतो. तेलाने आज असलेला एकही हंस कमी होत नाही, फक्त भर थांबते. शिवाय बहुतेक घरटी सापडली पाहिजेत आणि हे वर्षानुवर्षं केलं पाहिजे. शेजारच्या गावाने केलं नाही तर तिथली पिल्लं तुमच्याकडे येतात. संख्या झटपट उतरवायची असेल तर प्रौढ हंस मारणंच परिणामकारक, हे पक्षी-व्यवस्थापनवाले सांगतात ते खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की उद्यानात घाण होते या कारणासाठी कुठलीही घाई नाही. घाई धावपट्टीशी आहे आणि ती वेगळ्या अर्जाने, वेगळ्या पैशाने हाताळावी. दोन्ही कारणं एकाच कागदावर आली की विमानाच्या भीतीने हिरवळीचा हिशोब चुकता केला जातो.

आणि एक व्यावहारिक अडचण, जी आमच्या गावात दरवर्षी दिसते. न्यू जर्सीत हंस मार्चअखेर अंडी घालायला लागतात, एप्रिल संपता संपता पिल्लं दिसू लागतात. तक्रारी येतात जूनमध्ये, शाळा सुटून मुलं तळ्यावर जायला लागली की. त्या सभेत अंड्यांचा विषय काढून उपयोग नसतो. त्या महिन्यात हातात फक्त पिंजरा उरतो आणि तोच ठराव मंजूर होतो. ज्यांना तो ठराव नको आहे त्यांनी फेब्रुवारीच्या सभेला जावं, जेव्हा हंसांबद्दल बोलायला दुसरं कुणीही आलेलं नसतं, आणि नोंदणी, तेल, दोन छत्र्या व घरटी शोधणाऱ्या चार स्वयंसेवकांसाठी पैसे मागावेत. गावाच्या अंदाजपत्रकात ती रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी मोठी नसते.